अॅनोमली स्कॅननंतर ‘पुन्हा या’ म्हणाले तर

विसाव्या आठवड्याच्या आसपास होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव एकेक करून नीट तपासतात. तिला सगळे अॅनोमली स्कॅन म्हणतात. तिच्यानंतर बऱ्याच जणींना एक वाक्य ऐकावं लागतं, ‘पुन्हा एकदा बघावं लागेल.’ घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ ‘बाळात काहीतरी दोष आहे’ असा होऊन बसतो. खरं तर ‘पुन्हा’ म्हणण्याची तीन वेगळी कारणं असतात: एखादा अवयव दिसलाच नाही, एखादं माप सीमेवर आलं, किंवा एखादी रचना खरोखर वेगळी दिसली. यातलं आपलं कारण कोणतं हे कळलं, की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. हा लेख त्यासाठीच आहे.

जाण्याआधी

ही तपासणी साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. त्याआधी हृदयासारखे अवयव इतके लहान असतात की बारकावे सुटतात. फार उशीर केला तर हाडं टणक होऊन त्यांच्या सावल्या पडायला लागतात, आणि काही सापडलंच तर पुढच्या तपासण्यांना वेळही कमी उरतो.

सोबत नेण्याच्या कागदांत सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. बाळाचे आठवडे त्यावरूनच पक्के होतात. आठवडे चुकले तर सगळी मापं चुकीच्या तक्त्याशी ताडली जातात, आणि अगदी निरोगी बाळ ‘लहान’ ठरू शकतं. विसाव्या आठवड्यातल्या मापांवरून तारीख नव्याने ठरवायची नसते, आधीची पक्की तारीखच धरायची असते. पहिल्या तिमाहीतल्या रक्ततपासण्यांचे रिपोर्टही घ्या. गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फिट्सच्या गोळ्या, आधीच्या बाळाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला जन्मतः हृदयाचा किंवा मणक्याचा दोष, यातलं काही असेल तर टेबलावर झोपण्याआधीच सांगा. तपासणारी व्यक्ती त्या अवयवाला जास्त वेळ देते.

उपाशी जायचं नाही. लघवी तुडुंब साठवून ठेवायचीही गरज नाही, थोडी असली की पुरते. जास्त भरलेल्या मूत्राशयाने उलट गोंधळ होतो, तो कसा ते पुढे येईलच.

प्रोब फिरत असताना काय बघतात

तपासणी साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. बाळ कसं झोपलंय त्यावर क्रम बदलतो, पण बहुतेक ठिकाणी डोक्यापासून सुरुवात होते.

स्क्रीनवर BPD, HC, AC आणि FL ही अक्षरं येतात. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी ही चार मापं. त्यांवरून वाढ कळते. मात्र अॅनोमली स्कॅनचा जीव मापांत नसतो, तो ठरावीक आडव्या-उभ्या कापांत असतो. डोक्याचा एक काप मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमधून जातो. तिथे मधली रेषा सरळ आहे का, पुढच्या भागातली छोटी चौकट दिसते का आणि पोकळीची रुंदी १० मिलीमीटरच्या आत आहे का, हे बघतात. दुसरा काप थोडा मागे झुकवून छोट्या मेंदूतून घेतात. छोट्या मेंदूचा आकार डंबेलसारखा दिसायला हवा. तो केळ्यासारखा वाकून मागच्या हाडाला चिकटलेला दिसला, तर खाली मणक्यात कुठेतरी उघडा भाग असण्याची दाट शक्यता असते. म्हणजे मणक्याच्या दोषाची पहिली खूण पुष्कळदा डोक्यात सापडते, आणि मग मणका मानेपासून माकडहाडापर्यंत जास्त बारकाईने तपासला जातो.

चेहऱ्यात दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या आणि वरचा ओठ बघतात. छातीत फुप्फुसं, हृदय आणि पोट-छातीमधला पडदा. पोटात जठर डावीकडे आहे का, नाळ जिथे शिरते तिथली पोटाची भिंत बंद आहे का, दोन्ही मूत्रपिंडं आणि मूत्राशय आहेत का. हातापायांची लांब हाडं, पंजे आणि पावलं. शेवटी वार, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या, गर्भजल आणि पिशवीचं तोंड.

आता एक रिपोर्ट समोर ठेवू. हे उदाहरण समजावण्यासाठी तयार केलेलं आहे, पण यातल्या तिन्ही गोष्टी रोजच्या पाहण्यातल्या आहेत. २० आठवडे २ दिवस. मेंदू, चेहरा, मणका, हातपाय ठीक. हृदयाचे चार कप्पे ठीक, पण ‘बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या बाळाच्या स्थितीमुळे दिसल्या नाहीत’. डाव्या मूत्रपिंडाचं कुंड ५.४ मिलीमीटर, उजवं २.८. वारेची खालची कड पिशवीच्या तोंडापासून १४ मिलीमीटरवर. गर्भजल पुरेसं. एकाच रिपोर्टमध्ये तीनदा ‘पुन्हा’ आलं आहे, आणि तिन्हींची कारणं निराळी आहेत.

हृदय: न दिसणं म्हणजे दोष नव्हे

ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. बाळाची पाठ आईच्या पोटाच्या भिंतीकडे असेल तर मणका आणि बरगड्यांची काळी सावली नेमकी हृदयावर पडते. आईच्या पोटाची भिंत जाड असेल, आधीच्या ऑपरेशनचा व्रण असेल किंवा गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल तरी चित्र धूसर येतं. यात आईची चूक नसते आणि तपासणाऱ्याचीही नसते.

चार कप्पे दिसले असताना आणखी कशाला बघायचं, असा प्रश्न साहजिक पडतो. उत्तर असं की काही गंभीर दोषांत चारही कप्पे अगदी सुरेख दिसतात. मोठ्या दोन रक्तवाहिन्यांची अदलाबदल हा त्यातला एक. नेहमीच्या हृदयात डाव्या बाजूने निघणारी महारोहिणी आणि उजव्या बाजूने निघणारी फुप्फुसांची वाहिनी एकमेकींना ओलांडून जातात. प्रोब कप्प्यांवरून हळूच डोक्याच्या दिशेने झुकवला की ती फुली दिसते. अदलाबदल असेल तर फुली पडत नाही, दोन्ही वाहिन्या रुळांसारख्या समांतर जातात. अशा बाळाला जन्मल्यावर काही तासांतच विशेष उपचार लागू शकतात, म्हणून प्रसूती कुठे करायची हे आधी ठरवलेलं बरं असतं. केवळ चार कप्पे बघून ‘हृदय नॉर्मल’ लिहिलेल्या रिपोर्टपेक्षा ‘वाहिन्या दिसल्या नाहीत, पुन्हा बोलवा’ असं लिहिलेला रिपोर्ट आम्ही जास्त भरवशाचा मानतो.

अशा वेळी आधी त्याच दिवशी प्रयत्न होतो. पंधरा-वीस मिनिटं चालून या, लघवी करून या, कुशीवर झोपा, असं सांगतात. बाळ वळलं तर काम तिथेच संपतं. नाही वळलं तर एक ते तीन आठवड्यांनी परत बोलावतात. तेव्हा हृदय थोडं मोठं झालेलं असतं आणि बाळाची कूसही बदललेली असते. दुसऱ्यांदाही दिसलं नाही, किंवा दिसलं पण वेगळं वाटलं, तर बाळाच्या हृदयाची स्वतंत्र, सविस्तर सोनोग्राफी म्हणजे इको करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतात. आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल किंवा आई, वडील वा आधीचं मूल यांपैकी कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर ही इको वाहिन्या नीट दिसल्या तरी करून घेतात.

मूत्रपिंड: दोन-तीन मिलीमीटरचा प्रश्न

स्क्रीनवर बाळाच्या पोटाचा आडवा काप असतो. वर मणक्याचे तीन पांढरे ठिपके, त्यांच्या दोन बाजूंना करड्या रंगाचे दोन गोळे. ती मूत्रपिंडं. प्रत्येक गोळ्याच्या मधोमध एक काळी फट असते. तयार झालेली लघवी तिथे जमते आणि नळीने खाली मूत्राशयात जाते. हेच कुंड. त्याचं माप पुढून मागे घेतात, एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. काप तिरका गेला तर फट उगाच रुंद दिसते.

२८ आठवड्यांपर्यंत हे माप ४ मिलीमीटरच्या आत असावं, आणि २८ आठवड्यांनंतर ७ च्या आत. आपल्या उदाहरणात डावीकडे ५.४ आहे. हे सौम्य फुगणं झालं, आणि अशी बहुतेक फुगणी आपोआप जातात. कुंड हे एकसारखं भरत-रिकामं होत असतं. बाळाचं मूत्राशय भरलेलं असेल तर वरचं पाणी थोडं तुंबतं आणि त्या क्षणी माप मोठं येतं. काहींमध्ये मात्र नळीच्या तोंडाशी खरोखर अरुंदपणा असतो, किंवा मूत्राशयातून लघवी उलटी वर जात असते. विसाव्या आठवड्यात या दोन शक्यता चित्रावरून वेगळ्या काढता येत नाहीत. काळ गेल्यावरच त्या वेगळ्या कळतात, आणि म्हणूनच पुढची सोनोग्राफी.

म्हणून मिलीमीटरच्या आकड्याइतक्याच त्याच्या भोवतीच्या ओळी वाचायच्या. कुंडाच्या बाहेरचे छोटे कप्पेही फुगलेत का? मूत्रपिंडाचा मांसल भाग पातळ झालाय का? खाली जाणारी नळी दिसते का? (एरवी ती दिसत नाही.) मूत्राशयाची भिंत जाड आहे का? गर्भजल कमी आहे का? आपल्या रिपोर्टमध्ये या सगळ्याचं उत्तर ‘नाही’ आहे, म्हणून ३२ आठवड्यांच्या सुमारास एकदा बघणं पुरेसं आहे. यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असतं, किंवा आत्ताच माप ७ किंवा त्याहून जास्त असतं, तर चार ते सहा आठवड्यांतच पुन्हा तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला लागला असता. दोन्ही बाजू फुगलेल्या, मूत्राशय मोठं, भिंत जाड आणि पाणी कमी असं चित्र असेल तर काही दिवसांत तज्ज्ञांना गाठायचं, कारण तिथे मूत्राशयाच्या खालीच अडथळा असू शकतो.

बत्तिसाव्या आठवड्यात माप ७ च्या आत असेल तर विषय संपला. ७ ते १० मध्ये असेल तर जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी. १० किंवा जास्त असेल तर जन्माआधीच मुलांच्या मूत्रविकार तज्ज्ञांशी बोलून ठेवायचं. जन्मानंतरची सोनोग्राफी सहसा पहिल्या ४८ तासांत करत नाहीत. त्या दिवसांत बाळ दूध कमी घेतं, लघवी कमी होते आणि फुगलेलं कुंडही सपाट दिसतं. ‘सगळं ठीक’ असा खोटा दिलासा मिळतो आणि पुढची तपासणी राहून जाते. ही चूक बऱ्याचदा होते.

वार खाली आहे

वारेची कड पिशवीच्या आतल्या तोंडापासून २० मिलीमीटरपेक्षा कमी अंतरावर असेल तर वार खाली आहे असं म्हणतात. आपल्याकडे १४ आहे. हे माप पोटावरून घेतलंय की आतून, हे आधी विचारा. मूत्राशय जास्त भरलेलं असेल तर ते पिशवीचा खालचा भाग दाबून पुढची आणि मागची भिंत एकत्र आणतं. पिशवीचं तोंड खोटंच लांब दिसतं आणि वार त्याच्यावर आल्यासारखी वाटते. आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी हे अंतर अचूक सांगते. त्यात प्रोब तोंडापासून थोडा दूरच थांबतो, त्यामुळे वार खाली असतानाही ती सुरक्षित आहे.

पुढच्या महिन्यांत वार ‘वर सरकली’ असं बोललं जातं. वार उपटून दुसरीकडे जात नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो, आणि कड तोंडापासून दूर जाते. विसाव्या आठवड्यात खाली असलेल्या बहुसंख्य वारा अशा वर जातात, म्हणून पुन्हा बघायचं ते थेट ३२ व्या आठवड्यात. मध्ये दर पंधरा दिवसांनी बघून काही हाती लागत नाही. त्या तपासणीत रक्ताचा प्रवाह दाखवणारं रंगीत डॉपलर लावून पिशवीच्या तोंडावर एखादी मोकळी रक्तवाहिनी राहिली नाही ना, हेही बघायला सांगा. वार वर गेली तरी तिची एखादी वाहिनी मागे राहू शकते. कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर ती फुटली तर बाळाचं रक्त जातं. तोवर लालभडक रक्त अंगावरून गेलं, दुखत नसलं तरी, ३२ व्या आठवड्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

तज्ज्ञांकडे पाठवतात तेव्हा

आता समजा त्याच रिपोर्टमध्ये मेंदूतल्या पोकळीचं माप ७ ऐवजी ११ मिलीमीटर आलं असतं. घरात याला लगेच ‘डोक्यात पाणी’ म्हटलं जातं आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम आणि त्यापुढे गंभीर अशी विभागणी आहे. यात फक्त दोन आठवड्यांनी पुन्हा माप घेऊन भागत नाही, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. फुगलेली पोकळी हे मूत्रपिंडाच्या कुंडासारखं भरणं-रिकामं होणं नसतं. तिच्यामागे मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल तयार न होणं, उघडा मणका, आईला नकळत होऊन गेलेला सीएमव्ही किंवा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग, गुणसूत्रांतला बदल, यांपैकी काहीही असू शकतं. आणि काहीच नसूही शकतं.

फीटल मेडिसिन तज्ज्ञ, म्हणजे पोटातल्या बाळाचे डॉक्टर, सगळ्यात आधी माप पुन्हा घेतात. रेषा पोकळीला काटकोनात आहे का, दोन्ही टोकं आतल्या कडांवर आहेत का आणि काप तिरका तर नाही ना, हे बघतात. कितीतरी ११ इथेच ९ होतात. माप खरं निघालं तर दुसऱ्या बाजूची पोकळीही मोजतात. प्रोबच्या जवळची बाजू कवटीच्या प्रतिध्वनीत झाकलेली असते, म्हणून साध्या तपासणीत बहुतेकदा लांबचीच बाजू मोजलेली असते. बाळाचं डोकं खाली असेल तर आतून सोनोग्राफी करून मेंदू उभ्या कापात बघतात, कारण तो जोडणारा पूल आडव्या कापात थेट दिसत नाही. मग आईचं रक्त, गर्भजल काढून गुणसूत्र तपासायचं का यावर बोलणं, गरज असेल तर एमआरआय, आणि दोन ते चार आठवड्यांनी पोकळी वाढतेय का हे बघणं. माप १० ते १२ च्या दरम्यान असेल आणि या सगळ्यातून दुसरं काहीही सापडलं नाही, तर ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखीच होते. पण ‘दुसरं काहीही नाही’ हे नीट शोधल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि तज्ज्ञांकडे पाठवतात ते त्या शोधासाठी.

काही खुणा याच्या अगदी उलट असतात. हृदयातला पांढरा ठिपका किंवा मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्सस या भागातली छोटी पाण्याची गाठ हे स्वतः दोष नाहीत. पूर्वी यांच्यावरून गुणसूत्रांची जोखीम मोजत. आता बाकी सगळं नीट असेल आणि पहिल्या तिमाहीची तपासणी कमी जोखमीची असेल, तर एवढ्याच कारणाने सुई टोचून तपासणी करायची गरज धरत नाहीत. हाडाइतकं पांढरं दिसणारं आतडं मात्र या यादीत टाकू नका. त्याला संसर्ग, पिशवीत झालेला रक्तस्राव किंवा वाढ खुंटणं अशी कारणं असू शकतात, त्यामुळे त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

भेटीला जाताना मूळ रिपोर्टबरोबर साठवलेली चित्रंही न्या, नुसता निष्कर्ष नको. तिथे तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या: हे एकटंच आहे की सोबत आणखी काही दिसलं? पुढच्या तपासणीत किती माप आलं तर निर्णय बदलेल? आणि यामुळे प्रसूतीची जागा किंवा वेळ बदलायची आहे का?

एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. नीट झालेल्या अॅनोमली स्कॅनमध्येही काही गोष्टी दिसत नाहीत. ओठ ठीक असताना फक्त टाळूला असलेली फट बहुधा सुटते. गुदद्वार बंद असणं क्वचितच कळतं. कप्प्यांमधली बारीक छिद्रंही सुटतात. हृदयातल्या दोन वाटा तर जन्माआधी प्रत्येक बाळात उघड्याच असतात, त्यामुळे त्या पुढे बंद होतील का हे आत्ता सांगता येत नाही. काही दोष तर विसाव्या आठवड्यात चित्रात उमटलेलेच नसतात. आतड्याच्या सुरुवातीचा अडथळा बऱ्याचदा २४ आठवड्यांनंतर दिसायला लागतो, आणि हातापायांची हाडं आखूड राहण्याचा एक प्रकारही त्याच सुमारास मापांत उतरतो. म्हणून स्वच्छ रिपोर्ट हातात असला तरी नंतरच्या वाढीच्या सोनोग्राफीत पोटाचा घेर, मांडीचं हाड किंवा पाणी अचानक तक्त्याबाहेर गेलं, तर ‘अॅनोमली स्कॅन तर नॉर्मल होता’ म्हणून ते सोडून द्यायचं नाही. तो अवयव पुन्हा बघायला सांगायचं.